आद्याक्षरांतून हँडल कसं बांधावं: आडाखे, अडचणी आणि एक पूर्ण सोडवलेलं उदाहरण

माझ्या भाचीनं गेल्या वर्षी पहिल्या नोकरीसाठी अर्ज करायला घेतला, तेव्हा तिच्या कागदावर हँडल, म्हणजे नेटवरच्या खात्याचं नाव, होतं `ketaki_mh10_2003`. कॉलेजात असताना घाईघाईत घेतलेलं. (नाव बदलून सांगते आहे. अक्षरांची रचना तशीच राहील असं दुसरं नाव घेतलंय, तेव्हा ते कुठे शोधायला जाऊ नका.) एका हँडलमध्ये तिचं पहिलं नाव, म्हणजे ती मुलगी आहे हेही. मग गाडीच्या पाटीवरचा सांगलीचा क्रमांक, म्हणजे जिल्हा. आणि जन्मवर्ष. एका अनोळखी माणसानं तिला लिहिलं होतं, "सांगलीच्या का तुम्ही? आमच्याकडच्याच की." त्यात वाईट काही नव्हतं, पण त्या माणसाला तिनं काहीच सांगितलेलं नसताना एवढं कळलं होतं. ती म्हणाली, "मावशी, असं नाव पाहिजे की माझं वाटलं पाहिजे, पण माझ्याबद्दल काही सांगू नये." आम्ही दोघींनी एक संध्याकाळ बसून ते बनवलं. त्याच संध्याकाळचा हिशेब खाली मांडते आहे, पायरीपायरीनं.

पहिल्यांदाच हँडल घेणाऱ्यांना एक गोष्ट आधी सांगते. आद्याक्षरांचं हँडल म्हणजे लपण्याची जागा नव्हे. तुम्हाला ओळखणाऱ्या चार माणसांना ते बघून तुम्ही आठवाल आणि आठवायलाच हवं, तेच त्याचं आपलेपण आहे. घरच्यांपासून, ऑफिसपासून किंवा त्रास देणाऱ्या माणसापासून ओळख खरोखर दडवायची असेल, तर नावाचं एकही अक्षर वापरू नका. आडवातिडवा, कशाशीही संबंध नसलेला शब्द घ्या. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

आधी इंग्रजी अक्षरं बाजूला ठेवा

आद्याक्षरं म्हटलं की हात आपोआप इंग्रजीकडे जातो. केतकी रघुनाथ मोहिते, म्हणजे के आर एम, म्हणजे `krm`. इथेच बहुतेकांची गाडी अडते, आणि कारण साधा गुणाकार आहे. इंग्रजीत 26 अक्षरं. तीन अक्षरांच्या जोडण्या 26 गुणिले 26 गुणिले 26, म्हणजे फक्त 17,576. साऱ्या जगातली माणसं, कंपन्या आणि संस्था एवढ्याशा नावांवर हक्क सांगतात. ती शिल्लक राहणं शक्यच नाही. म्हणून मग माणूस शेपूट लावतो: `krm2003`, `krm_official`, `its_krm`. लहान ठेवायला निघालेलं नाव लांबत जातं आणि आपलंही वाटत नाही, कारण `krm` उच्चारताच येत नाही. जे तोंडाला येत नाही ते लक्षात राहत नाही.

आपल्याकडे याहून चांगली रीत आहे आणि ती आपण शंभर वर्षं वापरतो आहोत. मराठीत आद्याक्षर म्हणजे नुसतं व्यंजन नव्हे. पहिलं अख्खं अक्षर आपण घेतो, मात्रेसकट, अनुस्वारासकट, जोडाक्षर असेल तर तेही. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे इंग्रजीत पी. एल. होतात, मराठीत पु. ल. होतात. पु मधला उकार गेला तर नाव निम्मं गेलं. गजानन दिगंबर माडगूळकर यांचं गदिमा झालं, गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचं गोनीदा झालं. या दोन्हींत आडनावाचंही पहिलं अक्षर घेतलंय, म्हणून तीन अक्षरांचा एक चालता-बोलता शब्द तयार झाला. ती आद्याक्षरं आहेत हे विसरून लोक त्यांना नावासारखी हाक मारतात. रोमन लिपीत गदिमा म्हणजे `gadima`, सहा अक्षरं. इंग्रजी रीतीनं तेच `gdm` झालं असतं.

दोन्ही रीती मराठीत नांदतात, हेही खरं. गुरुनाथ आबाजी कुलकर्णी मराठी रीतीनं गु. आ. झाले असते, पण ते जी. ए. म्हणूनच ओळखले गेले आणि तेही इतकं रुळलं की आज 'जीए' हाच शब्द झालाय. पण ते रुळलं ते 'जीए' उच्चारता येतं म्हणून, हे विसरू नका. हँडलसाठी माझा कौल सरळ आहे: मराठी अक्षरं घ्या, मग रोमन लिपीत उतरवा. इंग्रजी अक्षरांपासून सुरुवात करू नका.

कागदावर सगळे तुकडे मांडा

एक कोरा कागद घ्या. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव, दुसऱ्या ओळीत वडिलांचं किंवा आईचं, तिसऱ्या ओळीत आडनाव. प्रत्येकासमोर त्याचं पहिलं अक्षर लिहा आणि त्याच्या पुढे पहिली दोन अक्षरं मिळून होणारा तुकडाही लिहा. भाचीचा कागद असा झाला: केतकी, के, केत. रघुनाथ, र, रघु. मोहिते, मो, मोहि.

आईचं नाव या यादीत आणायचं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य शासनानं आईचं नाव घालायला लावलंय: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. या मुलांना पुढे चार आद्याक्षरं मिळतील. आपल्याला कुणी अडवलेलं नाही. वडिलांच्या अक्षरापेक्षा आईचं अक्षर चपखल बसत असेल तर तेच घ्या. हँडल काही रेशनकार्ड नव्हे, कागदपत्रांशी ते जुळलंच पाहिजे असा कुठलाही नियम नाही.

मुलींच्या बाबतीत इथेच एक प्रश्न येतो आणि तो आधीच सोडवलेला बरा. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव बदललं तर काय? माझं मत असं की स्वतःच्या नावाचं अक्षर हँडलमध्ये हवंच आणि शक्यतो तेच सगळ्यात ठसठशीत हवं, म्हणजे एका अक्षराऐवजी दोन अक्षरांचा तुकडा. ते कधीच बदलत नाही. बाकीची अक्षरं मग नुसते ध्वनी म्हणून राहतात. पुढे आडनाव बदललं तरी हँडल बदलायची गरज पडत नाही, कारण त्यातल्या 'मो'चा अर्थ फक्त तुम्हाला माहीत असतो.

क्रम बदलून बघा आणि मोठ्यानं वाचा

आता तुकडे पत्त्यांसारखे फिरवायचे. सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या, कारण नाव ठरतं ते इथेच.

पहिला क्रम सरळ: के, र, मो. केरमो. लिहून झालं आणि भाचीनं मोठ्यानं वाचलं, तेव्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं की सुरुवातीलाच 'केर' आलाय. घरातला केर. रोमन लिपीत `keramo` दिसायला अगदी छान होतं, पण मराठी माणसाच्या कानाला ते लगेच खटकलं असतं. मग मधलं अक्षर गाळून पाहिलं: के, मो. केमो. हा तर कर्करोगाच्या उपचारासाठी घरोघरी बोलला जाणारा शब्द. तोही गेला.

अर्थ तपासायची ही पायरी अनेक जण गाळतात आणि मग पस्तावतात. गणेश नावाचा आणि धा पासून सुरू होणाऱ्या आडनावाचा मुलगा सरळ जोडून गधा लिहून बसतो. रमेश ईश्वर पाटील इंग्रजीत `rip` होतो, म्हणजे श्रद्धांजलीचा शब्द. बी आणि सी, किंवा एम आणि सी अशी जोडी आली तर ती हिंदीतल्या शिव्यांची लघुरूपं आहेत, आणि तरुण मुलांना ती पहिल्या नजरेत दिसतात. म्हणून प्रत्येक जोडणी तीन भाषांत वाचा: मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. उलटीही वाचा. आणि स्वतः वाचून थांबू नका, घरातल्या कॉलेजच्या वयाच्या कुणाला तरी दाखवा. जे आपल्याला सुचत नाही ते त्यांना एका क्षणात सुचतं.

दुसरा क्रम आम्ही शाळेच्या हजेरीपटासारखा घेतला, आडनाव आधी: मोहिते केतकी रघुनाथ. मो, के, र. मोकेर. केर परत आलाच, पण शेवटी आणि चिकटून, त्यामुळे तो कमी ऐकू येतो. `mokera` असं लिहिलं की वाचणारा मोकेरा म्हणतो आणि केर पुसला जातो. हे जमण्यासारखं होतं. तरी मला ते पुरतं पटलं नाही, म्हणून स्वतःच्या नावाचा तुकडा मोठा केला: मो, केत, र. मोकेत्र. नेत्र, क्षेत्र, चैत्र या शब्दांच्या वळणाचं. त्याला कुठलाच अर्थ नाही, पण कान त्याला परकं मानत नाही. भाचीनं ते तीनदा म्हटलं आणि म्हणाली, "मावशी, हे माझं आहे." उरलेल्यांची यादी अशी झाली:

```
moketra
mokera
ketramo
```

तिसरं नाव राखीव म्हणून. किमान तीन नावं हातात असू द्या, एकाच नावाच्या प्रेमात पडू नका. पुढच्या पायऱ्यांत एखादं गळणारच.

रोमन लिपीत उतरवताना

मराठीचं रोमन लिपीत रूप करायला एकच ठरलेला नियम लोक पाळत नाहीत, आणि हँडल मोडतं ते इथे. व साठी काही जण व्ही लिहितात, काही डब्ल्यू. ज आणि झ साठी जे, झेड, जेएच, सगळंच चालतं. ठ आणि थ दोन्ही `th` होतात, ळ आणि ल दोन्ही `l`. ज्ञ ची तर गंमतच आहे: मराठी माणूस `dnya` लिहितो, हिंदी माणूस `gya` लिहितो, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. तुमच्या नावात ज्ञ, क्ष किंवा झ असेल तर त्या अक्षराला हँडलमध्ये न घेता दुसऱ्या नावाचं अक्षर घ्यावं, असा माझा सल्ला. वैभव ज्ञानेश्वर सावंत या नावात `vaidnyasa` करण्यापेक्षा सावैभ, म्हणजे `savaibha`, कितीतरी सोपं.

तपासायची रीत एकच, आणि ती फोनवरची. गावाकडच्या कुणाला तरी फोन करा, हँडल फक्त एकदा म्हणा, अक्षरं सांगू नका, आणि त्यांना ते रोमन लिपीत टाईप करून पाठवायला सांगा. आम्ही दोघांना विचारलं. मोकेत्र ऐकून माझ्या आतेभावानं `moketra` पाठवलं, आणि त्याच्या मुलीनं `moketr` पाठवलं. शेवटचा ए गाळणं ही तरुण मुलांची सवय आहे. त्यावर उपाय एवढाच की सांगतानाच 'शेवटी ए' म्हणायचं. दोघांनीही काहीतरी भलतंच लिहिलं असतं, तर मात्र आम्ही ते नाव सोडलं असतं.

त्यानंतर डोळ्यांची परीक्षा. हँडल लहान लिपीत लिहून फोनवर हातभर अंतरावरून बघा. लहान एल, मोठा आय आणि एकचा आकडा बऱ्याच फाँटमध्ये एकसारखेच दिसतात. ओ आणि शून्यही तसेच. आर आणि एन जवळ आले की `rn` हे `m` सारखं दिसतं. इला नावाच्या मुलीनं `Ila` लिहिलं, तर वाचणाऱ्याला पहिलं अक्षर आय की एल तेच कळत नाही. अशी अक्षरं नावात असतील तर त्यांच्या शेजारी ठसठशीत अक्षर आणा, आणि सगळं लहान लिपीतच लिहायची सवय ठेवा. बहुतेक ठिकाणी मोठी-लहान लिपी एकच धरतात, त्यामुळे मध्ये मोठी अक्षरं टाकून वेगळेपण मिळेल असं समजू नका.

लांबी आणि चिन्हं

सगळीकडे एकच हँडल चालावं असं वाटत असेल तर ते किती लांब आणि कसल्या अक्षरांचं असावं हे तुमच्या आवडीवर राहत नाही, प्रत्येक जागेचे नियम ठरवतात. जीमेलला कमीत कमी 6 अक्षरं लागतात, टेलिग्रामला 5, एक्सवर 4 पेक्षा जास्त हवीत. दुसऱ्या टोकाला एक्सवर 15 च्या पुढे जाता येत नाही, प्रोग्रॅमचा कोड ठेवायच्या गिटहबवर 39 पर्यंत आणि इन्स्टाग्रामवर 30 पर्यंत जाता येतं. म्हणजे सगळीकडे बसणारी लांबी 6 ते 15, आणि माझ्या मते त्यातही 6 ते 8 हीच खरी जागा. तीन मराठी अक्षरं रोमन लिपीत उतरवली की बरोबर तिथेच येतात, हा काही योगायोग नव्हे. प्रत्येक अक्षर व्यंजन आणि स्वर मिळून दोन-तीन रोमन अक्षरं घेतं.

चिन्हांची गोष्ट याहून सोपी आहे. गिटहबवर आडवी रेघ चालते, खालची रेघ चालत नाही. एक्सवर नेमकं उलट: खालची रेघ चालते, आडवी नाही, आणि टिंबही नाही. इन्स्टाग्रामवर टिंब आणि खालची रेघ चालते. जीमेलमध्ये टिंब टाकता येतं पण ते मोजलं जात नाही, टिंबासकट आणि टिंबाशिवाय पत्ता एकच. सगळीकडे चालेल असं एकही चिन्ह नाही. तेव्हा नुसती अक्षरं. भाचीचं जुनं नाव खालच्या रेघांमुळे गिटहबवर तसंही बसलं नसतं, आणि अर्जात गिटहबचा दुवा तर मागितलेलाच होता.

आकडे टाळा, आणि का टाळायचे

नाव आधीच घेतलेलं निघालं की शेवटी आकडा चिकटवायचा मोह होतो. हा मोह आवरा. आकडा बोलका असतो. जन्मवर्ष वय सांगतं. गाडीच्या पाटीवरचा क्रमांक जिल्हा सांगतो, 12 पुणं, 9 कोल्हापूर, 15 नाशिक, हे महाराष्ट्रात शाळकरी पोरांनाही पाठ असतं. 96 लिहिलं की मराठी माणूस ते जातीशी जोडतो, मग तुम्ही ते जन्मवर्ष म्हणून लिहिलेलं असलं तरी. आणि परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाणार असाल तर 88 विशेष टाळा. एच हे इंग्रजीतलं आठवं अक्षर, आणि नाझींचे समर्थक ते दोन एच म्हणून सलामीची खूण म्हणून वापरतात. 1988 साली जन्मलेल्या साध्या माणसाच्या हँडलकडे तिकडे संशयानं पाहिलं जाऊ शकतं.

आडनावाबाबतही हेच. आपल्याकडे आडनाव ऐकलं की ऐकणारा मनात गाव, जात, कधीकधी पोटजातही लावून मोकळा होतो. कर लागलं की कुठलं गाव हे विचारलंच. 'मो' या एका अक्षरातून मोहिते, मोरे, मोघे, मोडक, मोकाशी काहीही असू शकतं. तटस्थपणा तेवढ्यानं साधतो आणि तरी भाचीच्या आजोबांना ते आपल्या घराचं वाटतं.

नाव घेतलेलंच असेल तर आकड्याऐवजी स्वतःच्या नावातलं आणखी एक अक्षर घ्या. आमचं तसंच झालं. आधी आम्ही लहान म्हणून `mokera` पकडलं होतं. पाच ठिकाणी शोधलं, चार ठिकाणी मोकळं होतं, एका ठिकाणी कुणीतरी घेतलेलं. तिथे मागे आकडा लावण्याऐवजी मागे वळून 'के'चा 'केत' केला आणि `moketra` पाचही ठिकाणी मिळालं. मध्ये अक्षर वाढलं की नाव स्वतःचंच राहतं, शेवटी आकडा लागला की ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावाची नक्कल वाटतं.

मोकळं आहे का, हे कसं बघावं

नुसतं शोधून बघणं पुरत नाही. एखाद्या हँडलचं पान रिकामं दिसलं, तरी ते खातं बंद केलेलं किंवा थांबवलेलं असू शकतं, आणि मग ते नाव मिळत नाही. खात्री फक्त नोंदणीच्या फॉर्ममध्ये टाकल्यावर होते. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी सर्च इंजिनमध्ये हँडल अवतरणचिन्हांत टाकून पाहा की ते कुणाचं, कसल्या कामासाठी रुळलेलं नाही ना. त्याच नावाची कंपनी, औषध किंवा वादग्रस्त माणूस सापडला तर सोडून द्या. मग जिथे तुम्हाला सगळ्यात जास्त गरज आहे तिथली नोंदणी आधी करा आणि बाकीच्या त्याच बैठकीत उरका. आठवडाभर विचार करत बसलात तर तेवढ्यात एखाद्या ठिकाणी जातं. रेडिटवर तर घेतलेलं नाव नंतर बदलताच येत नाही, तिथे दुप्पट विचार करून मगच बटण दाबा.

देवनागरीतच घेतलं तर?

हा प्रश्न भाचीनंही विचारला, आणि तो विचारण्यासारखाच आहे. मराठी विकिपीडियावर सदस्यनाव देवनागरीत घेता येतं आणि अनेकांनी घेतलेलं आहे. तिथे 'मोकेर' शोभून दिसेल. पण दुवा कुठे चिकटवला की काय होतं ते बघून ठेवा. पत्त्यात देवनागरी अक्षरं संकेतांत बदलतात, आणि मोकेर हे एवढंसं नाव असं होऊन बसतं:

```
%E0%A4%AE%E0%A5%8B%E0%A4%95%E0%A5%87%E0%A4%B0
```

म, ओची मात्रा, क, एची मात्रा, र, हे पाच तुकडे आणि प्रत्येकाची नऊ चिन्हं, असे 45. कागदावर छापायला, फोनवर सांगायला हे निरुपयोगी. म्हणून देवनागरी तुमच्या चित्रात आणि दिसणाऱ्या नावात ठेवा, जिथे तिचं खरं सौंदर्य दिसतं, आणि पत्त्यात रोमन लिपी ठेवा.

मोनोग्राम: दोन अक्षरं, एक शिरोरेषा

हँडलसोबत जे गोल चित्र असतं त्यात स्वतःचा फोटो टाकायचा नसेल तर मोनोग्राम, म्हणजे आद्याक्षरं गुंफलेलं चिन्ह, करा. इथे तीन अक्षरं घेऊ नका. गोल कापल्यावर, यादीमध्ये ते चित्र नखाएवढं दिसतं, आणि मात्रांसकट तीन अक्षरं त्यात एकमेकांत मिसळून काळा डाग होतात. आम्ही 'मो' आणि 'के' घेतले. दोघांच्याही मात्रा शिरोरेषेच्या वर उजवीकडून डावीकडे झुकणाऱ्या, एका रेघेवर दोन पताका लावल्यासारख्या. रोमन लिपीत अक्षरं सुटी उभी राहतात. देवनागरीत एकच शिरोरेषा त्यांना आपोआप बांधते. मोनोग्राम वेगळा काढावा लागत नाही, तो लिपीतच आहे.

करायला फोनवरचं कुठलंही चित्र बनवायचं साधन चालेल. 400 बाय 400 पिक्सेलचा चौरस घ्या, पार्श्वभूमी एका गडद रंगाची, अक्षरं पांढरी. मुंबईच्या एक टाईप या संस्थेनं बनवलेला मुक्त परवान्याचा मुक्ता हा फाँट त्यासाठी मला आवडतो, जाड वजन घ्या. अक्षरं चौरसाच्या साधारण साठ टक्के रुंदीत बसवा आणि जरा खाली सरकवा. देवनागरीत मात्रा वर जातात, इंग्रजीच्या सवयीनं मधोमध ठेवलं तर गोल कापताना पहिल्यांदा मात्राच छाटली जाते, आणि मोके चं माक होतं. झाल्यावर चित्र फोनवर करंगळीच्या नखाएवढं छोटं करून बघा. अक्षरं वाचता आली तर ठीक, नाहीतर मधली जागा वाढवा.

पाश्चात्त्य पद्धतीच्या मोनोग्राममध्ये आडनावाचं अक्षर मध्ये आणि मोठं काढतात, रुमालावर वगैरे. ते चित्रात दिसायला देखणं असतं, पण त्या क्रमानं हँडल बनवू नका. क्रम चित्रात एक, नावात दुसरा, असं झालं की लोक गोंधळतात.

जुन्या नावाचं काय करायचं

नवं नाव मिळालं की जुनं लगेच टाकून देण्याची घाई होते. थोडं थांबा. गिटहबवर नाव बदललं की जुनं नाव इतरांना मोकळं होतं, आणि तुमच्या जुन्या दुव्यांवरून येणारा माणूस दुसऱ्याच कुणाकडे पोहोचू शकतो. भाचीनं म्हणून असं केलं: जिथे तिचं काही ठेवलेलं नव्हतं तिथे नवीन नावानं नवं खातं काढलं. इन्स्टाग्रामवर, जिथे ओळखीची माणसं होती, तिथे जुन्या खात्याच्या ओळखओळीत 'आता `moketra`' असं लिहून ते सहा महिने तसंच ठेवलं. अर्जावरचा दुवा, ई-मेलच्या खालची सही आणि कॉलेजच्या गटातली नोंद, या तीन जागा तिनं त्याच रात्री बदलल्या. कुठे कुठे बदललं याची यादी तिनं त्याच कागदाच्या मागे लिहिली, ज्यावर के, र, मो मांडले होते, आणि तो कागद अजून तिच्या टेबलाच्या खणात आहे.